ऐकून घेणे हा उपकार नव्हे : फुटपाथचा खटला आणि नैसर्गिक न्याय

१३ जुलै १९८१ रोजी महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांनी जाहीर केले की मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या सर्वांना हटवले जाईल आणि त्यांच्या मूळ गावी किंवा शहराबाहेर पाठवले जाईल. दिवस भर पावसाळ्याचे होते. दहाच दिवसांत, २३ जुलैला, महापालिकेची माणसे पोलीस घेऊन आली. झोपड्या पाडल्या गेल्या आणि माणसांना बसमध्ये बसवून शहराबाहेर रवाना करण्यात आले. कोणाला नोटीस नाही, कोणाला एक शब्द विचारलेला नाही.

या कारवाईविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेला खटला 'ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका' या नावाने ओळखला जातो. ओल्गा टेलिस या पत्रकार. पण याचिकाकर्त्यांत फुटपाथवर राहणारी माणसेही होती, आणि त्यांची हकीकत निकालपत्रात नोंदलेली आहे. एक जण तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. दुसरा आपल्या संगमनेरचा, चपला-जोडे शिवून दिवसाला सात-आठ रुपये कमावणारा. गावातले घर पडले म्हणून तो मुंबईत आला आणि बदली कामगार म्हणून महिन्याला ३५० रुपयांवर लागला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळावी म्हणून त्याने तिथल्या गुंडाला ३०० रुपये दिले आणि बांबू-प्लास्टिकवर ७०० रुपये खर्च केले. म्हणजे तीन महिन्यांची कमाई त्या झोपडीत गेली. गावात जोडे शिवणारे कोण असतात, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

हा खटला सहसा 'उपजीविकेचा हक्क' म्हणून सांगितला जातो. राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो, हे या निकालाने मान्य केले आणि ते मोठेच काम झाले. पण आम्हाला आज त्यातल्या दुसऱ्या भागाविषयी बोलायचे आहे, कारण वस्त्यांमध्ये काम करणाऱ्यांना रोज लागतो तो हाच भाग. त्याचे नाव नैसर्गिक न्याय. त्याचे दोन नियम आहेत. ज्याचे नुकसान होणार आहे त्याचे आधी ऐकून घ्या, हा पहिला. ज्याचा त्या प्रकरणात स्वतःचा हितसंबंध आहे त्याने न्याय करायला बसू नये, हा दुसरा.

महापालिकेची बाजू कायद्याच्या कलमावर उभी होती. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ चे कलम ३१४ असे सांगते की रस्त्यावर किंवा फुटपाथवर केलेले बेकायदा बांधकाम आयुक्त 'नोटीस न देता' हटवू शकतात. ब्रिटिश काळातले हे कलम. महापालिकेचे म्हणणे सरळ होते. कायदाच नोटीस नको म्हणतो, मग आम्ही ती का द्यावी? वर आणखी एक युक्तिवाद होता. फुटपाथवर राहण्याचा हक्क या लोकांना मुळातच नाही, मग त्यांना बोलावून ऐकायचे तरी काय?

१० जुलै १९८५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी तो लिहिला. पीठावर न्या. ए. वरदराजन होते, सर्वोच्च न्यायालयातले पहिले दलित न्यायमूर्ती. न्यायालयाने कलम ३१४ रद्द केले नाही, त्याचा अर्थ लावला. आयुक्त नोटीस न देता हटवू 'शकतात', याचा अर्थ नोटीस न देताच हटवले 'पाहिजे' असा होत नाही. कायद्याने आयुक्तांना निवड दिली आहे, आणि ती निवड त्यांनी विवेकाने केली पाहिजे. ऐकून घेणे हा नियम आहे, न ऐकणे हा अपवाद. खरोखरीची तातडी असेल तिथेच अपवाद चालेल. आणि तातडी होती हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर, म्हणजे प्रशासनावर राहील.

'ऐकून काय होणार' या युक्तिवादाला न्यायालयाचे उत्तर अधिक खोल आहे. सुनावणीमुळे निर्णय बदलू शकतो, हा तिचा एक उपयोग. पण निर्णय बदलला नाही तरी ज्याच्या आयुष्याचा फैसला होतो आहे त्याला त्यात बोलता आले पाहिजे आणि आपल्याला का हटवले जात आहे हे कळले पाहिजे, कारण तो माणूस आहे. १९८० च्या 'एस. एल. कपूर विरुद्ध जगमोहन' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आधीच सांगून ठेवले होते की सुनावणी नाकारणे हीच हानी आहे, वेगळी हानी दाखवायची गरज नाही. ज्याने न्याय नाकारला त्यानेच 'तुझे काही बिघडले नाही' म्हणावे, हे शोभत नाही.

आणि ऐकले असते तर सांगण्यासारखे पुष्कळ होते. १९७६ मध्ये सरकारने झोपड्यांची गणना करून ओळखपत्रे दिली होती. ते कार्ड कोणाकडे आहे, कोण किती वर्षे तिथे राहतो, कोणाचे काम कुठे आहे, कोणाच्या झोपडीने वाट अडते आणि कोणाच्या नाही, हे प्रत्येक झोपडीगणिक वेगळे होते. झुंडीला बसमध्ये कोंबताना हे सगळे फरक पुसले जातात. सुनावणी झुंडीतून माणूस वेगळा काढते.

आता निकालाची दुसरी बाजूही पाहू, कारण आपल्याकडे ती सांगितली जात नाही. एवढे सगळे बोलून झाल्यावर न्यायालयाने म्हटले की एरवी आम्ही आयुक्तांना सुनावणी घ्यायला लावली असती, पण याचिकाकर्त्यांचे म्हणणे आता आमच्यासमोरच सविस्तर मांडून झाले आहे, तेव्हा वेगळ्या सुनावणीची गरज उरली नाही. फुटपाथ चालण्यासाठी असतात, ते मोकळे करण्याचा आयुक्तांचा निर्णय योग्य आहे. पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, झोपड्या पाडू नयेत. १९७६ चे कार्ड असलेल्यांना पर्यायी जागा द्यावी, पण ती मिळेपर्यंत हटवायचे नाही अशी अट नाही. म्हणजे तत्त्व फुटपाथवाल्यांनी जिंकले आणि फुटपाथ ते हरले. आमचा आक्षेप इथे आहे. दिल्लीत वकिलांनी मांडलेली बाजू ही सर्वांची एकत्रित बाजू होती. प्रत्येक झोपडीची वेगळी हकीकत तिथे कोणी ऐकली? न्यायालयाने जो नियम घालून दिला, त्याचा लाभ त्याच माणसांना दिला नाही.

दुसरा नियम विचारतो की ऐकणारा कोण आहे. १९६९ च्या 'क्रायपाक विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात हा नियम फार स्वच्छ दिसतो. जम्मू-काश्मीरमधून भारतीय वन सेवेसाठी अधिकारी निवडायचे होते. निवड मंडळावर राज्याचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक होते आणि तेच उमेदवारही होते. स्वतःच्या नावाची चर्चा चालू असताना ते बाहेर बसले, पण प्रतिस्पर्ध्यांच्या नावांची चर्चा झाली तेव्हा ते आत होते. यादीत त्यांचे नाव सर्वांत वर आले. मंडळाच्या बाकीच्या सदस्यांनी शपथेवर सांगितले की त्यांनी आमच्यावर काही प्रभाव टाकला नाही. न्यायालयाने निवड तरीही रद्द केली. प्रत्यक्ष पक्षपात झाला हे सिद्ध करावे लागत नाही, पक्षपाताची रास्त शक्यता दिसली की पुरे. मनातले कोण सिद्ध करणार? म्हणून परिस्थिती पाहायची.

बाबासाहेबांनी हा नियम जातीच्या प्रश्नाला कधीच लावून दाखवला होता. ऑक्टोबर १९३२ मध्ये, पुणे करार होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयक चर्चेला आले. पंचायतींना न्यायदानाचे अधिकार देण्याची त्यात तरतूद होती. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. जातीने आणि जुन्या पूर्वग्रहांनी ग्रासलेल्या गावातून निवडलेले पंच निःपक्षपाती न्याय कसा करतील, हा त्यांचा मुद्दा होता. त्यांचा हा प्रश्न एखाद्या पंचाच्या चारित्र्याविषयी नव्हता. जो गाव अस्पृश्याला विहिरीवर येऊ देत नाही, तोच गाव त्याच्या खटल्याचा न्यायाधीश कसा होईल, असा तो प्रश्न आहे. 'क्रायपाक'मध्ये ३७ वर्षांनी आलेली रास्त शक्यतेची कसोटी त्याच वाटेने जाते.

या कसोटीवर १९८१ चे मुंबई पुन्हा पाहा. सरन्यायाधीशांनी निकाल दिला तो ऐकून घेण्याच्या नियमावर, पक्षपाताच्या नाही. पण राज्याचा मुख्यमंत्री सगळ्यांना हटवणार असे आधी जाहीर करतो, त्यानंतर त्याच राज्यातला आयुक्त सुनावणीला बसला असता, तर ती मोकळ्या मनाची सुनावणी झाली असती का? निर्णय आधी आणि ऐकणे नंतर, असे झाले की ऐकणे हा केवळ सोपस्कार उरतो.

आता आजच्या काळात येऊ. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी बुलडोझर कारवायांविरुद्ध निर्देश दिले. पाडण्याआधी १५ दिवसांची कारणे दाखवा नोटीस, प्रत्यक्ष सुनावणी, कारणे देणारा अंतिम आदेश आणि त्यानंतर आणखी १५ दिवस. आपल्यापैकी अनेकांनी हा निकाल पेढे वाटून साजरा केला. पण त्यात एक अपवाद आहे. रस्ता, गल्ली, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी व जलाशय इथल्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. म्हणजे तुळशीवाडीच्या त्या फुटपाथवाल्याला २०२४ चे संरक्षण नाही. त्याच्या हातात आजही १९८५ चाच निकाल आहे, आणि म्हणून तो जिवंत ठेवणे आपले काम आहे.

तो जिवंत राहतो कागदावर. नोटीस आली की तिच्यात कारण लिहिले आहे का आणि उत्तराला किती दिवस दिलेत हे पाहा. ज्या अहवालाच्या आधारे कारवाई होत आहे त्याची प्रत लेखी मागा. ज्याने ऐकले तोच निर्णय देतो आहे का, हे तपासा. एकाने ऐकायचे आणि दुसऱ्याने आदेश काढायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच 'गुल्लापल्ली नागेश्वर राव' खटल्यात अमान्य केले आहे. अधिकारी पक्षपाती वाटत असेल तर हरकत पहिल्याच तारखेला लेखी नोंदवा. 'माणकलाल विरुद्ध प्रेमचंद' या १९५७ च्या खटल्यात पक्षपाताचा मुद्दा न्यायालयाला पटला होता, पण हरकत वेळेवर घेतली नाही म्हणून तो फुकट गेला. निकाल विरुद्ध गेल्यावर आठवलेला पक्षपात न्यायालय ऐकत नाही. आणि नोटीस आलीच नाही, थेट बुलडोझर आला, तर विचारायचा प्रश्न एकच आहे : एवढी तातडी कशाची होती, ते दाखवा. १९८५ पासून त्याचे उत्तर देणे प्रशासनावर बंधनकारक आहे.