कण्हेरीची माळ आणि मातीची गाडी

‘मृच्छकटिका’ला शोकांतिका म्हणावं का, हा पहिला आक्षेप. उज्जयिनीत घडणाऱ्या शूद्रकाच्या या नाटकाचा शेवट तर गोड आहे, आणि नायकाचा वध रंगमंचावर दाखवणं नाट्यशास्त्राला मान्य नाही. पण दहाव्या अंकात तलवार उगारली जाईपर्यंत नाटक शोकांतिकेच्याच वाटेनं चालतं, आणि त्या वाटेवरच्या खुणा म्हणजे त्यातल्या वस्तू. भासाच्या नावावर असलेल्या चार अंकी ‘चारुदत्ता’त वसंतसेनेनं ठेवायला दिलेले दागिने आहेत, त्यांची चोरीही आहे, मातीची गाडी मात्र नाही. ती येते शूद्रकाच्या सहाव्या अंकात. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून नायक चारुदत्ताचा मुलगा रोहसेन आपल्या मातीच्या गाडीवर रुसलेला असतो. वसंतसेना म्हणे त्याची आई, पण आईच्या अंगावर एवढे दागिने कसे, असं तो विचारतो. ती रडत रडत ते उतरवते आणि त्याच्या गाडीत भरते. नवव्या अंकात हेच दागिने परत करायला निघालेला चारुदत्ताचा मित्र मैत्रेय याच्या काखेतून न्यायसभेत खाली पडतात आणि चारुदत्तावरच्या वसंतसेनेच्या खुनाच्या आळाचा पुरावा ठरतात. मायेनं दिलेलं सोनं वधस्तंभापर्यंत नेतं. नाटकाला नाव खेळण्याचं का, ते इथे कळतं.

लाल रंगाचं असंच. वधस्तंभाकडे निघालेल्या चारुदत्ताच्या गळ्यात कण्हेरीची माळ, अंगभर रक्तचंदनाच्या हातांचे ठसे, वर पिठाची भुकटी; आपल्याला बळीचा पशू केलंय, असं तो स्वतःच म्हणतो. हे प्रतीकशोधन आजच्या समीक्षकांची हौस आहे, असं कुणी म्हणेल. पण वसंतसेना जिवंत समोर येते तेव्हा चारुदत्तच बोलून दाखवतो, की हेच तांबडं वस्त्र आता नवरदेवाचं, हीच माळ वराची, आणि वधाचा पडघमही लग्नाच्या वाद्यासारखा वाजतोय. म्हणजे रंगाला ठरीव अर्थ नाही, प्रसंग तो देतो, हे खुद्द नाटककारानं संवादात घातलंय.

प्रयोग फसतात ते इथेच. वधाच्या मिरवणुकीवर लाल झोत टाकला की ठसे आणि माळ त्यात विरून जातात, आणि शेवटी पांढऱ्या उजेडात नायक नव्या फुलांच्या माळेत उभा केला की त्या ओळी पोरक्या होतात. माळ बदलू नये, ठसे पुसू नयेत, ढोलकऱ्यानं फक्त ठेका फिरवावा. गाडीही मुलाच्या हातात मावेल एवढीच हवी, दागिने टाकताच काठोकाठ भरेल अशी. देखावा जितका कमी, तितकं हे दिसतं. हबीब तनवीर यांनी १९५८मध्ये ‘मिट्टी की गाडी’ छत्तीसगढी लोककलावंतांना घेऊन बसवली, तीही लोकरंगभूमीच्या मोकळ्या वळणानं. संस्कृत रंगभूमीवरही नेपथ्याचे पडदे नव्हते. नट, वेश आणि हातातली वस्तू एवढ्यावरच उज्जयिनी उभी राहत असे.