फिबोनाची रिट्रेसमेंट
फिबोनाची रिट्रेसमेंट ही शेअर बाजाराच्या तांत्रिक विश्लेषणातील एक पद्धत आहे. मोठ्या चढ-उतारानंतर किंमत किती टक्के माघारी येऊन थबकेल, याचा अंदाज तिने बांधतात. ३८.२ व ६१.८ टक्के या पातळ्या फिबोनाची श्रेणीतील संख्यांच्या गुणोत्तरांवरून येतात. ५० टक्के मात्र केवळ प्रघाताने वापरतात.

पातळ्या कोठे पडतील हे शिखर व तळ यांच्या निवडीवर ठरते. ज्याच्या दोन्ही बाजूंना किंमत स्पष्टपणे खाली आहे ते शिखर. तळ याच्या उलट. मोजायच्या हालचालीची टोकेच घ्यावी लागतात. निफ्टी ५० हा निर्देशांक जानेवारी २०२० मधील १२,४३० वरून २४ मार्चला ७,५११ पर्यंत घसरला. ४,९१९ अंशांच्या या घसरणीची ६१.८ टक्के भरपाई १०,५५१ वर होते. ३ एप्रिलचा सुमारे ८,०५५ हा दुय्यम तळ धरल्यास तीच पातळी १०,७६० च्या आसपास सरकते.

२४ जूनला निर्देशांक १०,५५० च्या आसपास जाऊन मागे फिरला. याचे श्रेय गणिताला देणे घाईचे ठरेल. ठळक टोके सर्वांना सारखीच दिसतात, त्यामुळे अनेकांच्या रेषा एकाच जागी पडतात आणि तेथे नफावसुलीच्या व विक्रीच्या ऑर्डरी साचतात. दुय्यम टोकांवर असे एकमत नसते. शिवाय पातळ्या इतक्या असतात की किंमत कोठेही वळली तरी एखादी जवळ सापडतेच. खरेदीचा जोर अधिक असल्यास हा अडथळा टिकत नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यातच निफ्टीने ही पातळी ओलांडली.