छायाचित्राचा एकच भाग बदलताना: इनपेंटिंग मॉडेल की साधे मॉडेल?

हैदराबादला जाणारा पर्यटक चारमिनारचे छायाचित्र टिपल्यावाचून परतत नाही. 1591 साली उभारलेल्या या वास्तूसमोर मोकळा क्षण मात्र क्वचितच मिळतो. कुठे कमानीच्या पायथ्याशी स्कूटर उभी असते, तर कुठे लाड बाजाराकडील दुकानाचे भडक निळे छत चौकटीत शिरते. चित्रनिर्मिती करणाऱ्या मॉडेलच्या साहाय्याने यांपैकी एकच भाग बदलता येतो. त्यासाठी खास इनपेंटिंग मॉडेल घ्यावे की नेहमीचे, हे एका प्रश्नावर ठरते: निवडलेल्या भागातील जुने काही राखायचे आहे, की तो भाग पूर्णपणे नव्याने भरायचा आहे?

हा प्रश्न निर्णायक का ठरतो, हे मॉडेलच्या कार्यपद्धतीवरून कळते. अशी मॉडेल्स चित्रावर नॉइज, म्हणजे अर्थहीन कण, पसरवतात आणि ते टप्प्याटप्प्याने दूर करीत चित्र घडवतात. बदलायचा भाग वापरकर्ता ज्या आवरणाने दाखवतो, त्याला मास्क म्हणतात. साध्या मॉडेलला मास्कची जाणीव नसते. ते दर टप्प्यावर संपूर्ण चित्र घडवते आणि सॉफ्टवेअर मास्कबाहेरील भागावर मूळ छायाचित्र, त्या टप्प्याइतका नॉइज मिसळून, पुन्हा बसवते. त्यामुळे सुरुवातीच्या टप्प्यांत आसपासचा परिसर मॉडेलला धूसरच दिसतो. आतील रचना मात्र नेमकी तेव्हाच ठरत असते.

इनपेंटिंग मॉडेलची घडणच निराळी आहे. स्टेबल डिफ्यूजन 1.5 या मॉडेलमध्ये साध्या आवृत्तीला आत घेण्यासाठी 4 वाहिन्या असतात, तर इनपेंटिंग आवृत्तीला 9. वाढीव 5 पैकी 4 वाहिन्यांतून मास्कची जागा रिकामी केलेले मूळ छायाचित्र येते आणि एकीतून स्वतः मास्क येतो. परिणामी पहिल्या टप्प्यापासून आसपासचा परिसर मॉडेलला स्वच्छ दिसतो. रिकामी जागा कोणती आहे, हेही त्याला ठाऊक असते.

आता स्कूटरचे उदाहरण घेऊ. स्कूटर नाहीशी करून तिच्यामागील भिंतीचा पायथा आणि फरसबंदी भरायची आहे, म्हणजे जुने काहीच राखायचे नाही. साध्या मॉडेलमध्ये बदलाची तीव्रता (`strength`) 0.5 ठेवली, तर स्कूटरचा रंग आणि आकार शिल्लक राहतो आणि तिच्या जागी एखादी पेटी वा दुसरे वाहन उमटते. तीव्रता 1 केली, तर स्कूटर जाते, पण फरसबंदीच्या रेषा मास्कच्या कडेशी तुटतात. येथे इनपेंटिंग मॉडेल 1 या तीव्रतेने वापरावे. ‘स्कूटर काढा’ अशी आज्ञा न देता तेथे काय दिसायला हवे ते लिहावे, उदाहरणार्थ दगडी फरसबंदी आणि जुनी भिंत. मास्क वस्तूच्या कडेबाहेर थोडा पसरवावा आणि सावलीही त्यात घ्यावी. सावली बाहेर राहिली, तर परिसर नीट पाहणारे हे मॉडेल तिला साजेशी वस्तू पुन्हा निर्माण करते.

दुकानाच्या छताची गोष्ट उलट आहे. छताचा आकार, उतार आणि चुण्या तशाच ठेवून केवळ निळ्या प्लास्टिकऐवजी जीर्ण कापड दाखवायचे आहे. येथे मास्कखालील जुने चित्र हाच आधार असल्याने साधे मॉडेल पुरते. तीव्रता 0.4 ते 0.6 च्या दरम्यान ठेवून पाहावे. कमी पडली तर निळसर छटा उरते, अधिक झाली तर छताचा आकारच बदलतो. तीव्रता वाढवूनही रंग हटत नसेल, तर मास्कच्या आत आधी तपकिरी रंगाचा साधा हात फिरवावा आणि मग मॉडेल चालवावे.

दोन्ही पद्धतींत एक काळजी समान आहे. छायाचित्र आकुंचित रूपात जाऊन परत येताना मास्कबाहेरील बारीक तपशीलही किंचित बदलतात. म्हणून शेवटी नव्या चित्रातील केवळ मास्कचा भाग मूळ छायाचित्रावर बसवावा. मग चित्र मोठे करून कडेवरून जाणाऱ्या रेषा तपासाव्यात. त्या अखंड असूनही दाणा वेगळा दिसत असेल, तर मास्कची कड मऊ करावी.

मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. स्कूटरमागे भिंतीचा खरा दगड कसा होता, हे कोणतेही मॉडेल जाणत नाही. ते शोभेल असे काही रचते. इनपेंटिंग मॉडेलचा सांधा दिसत नाही, म्हणून ही रचना अधिक फसवी ठरते. घरच्या भिंतीवरील चित्राला ती चालेल. बातमीच्या वा वास्तूच्या नोंदीसाठी मात्र स्कूटरसह असलेले मूळ छायाचित्रच वापरावे.