मेदिचींची सोयरीक

१४३३ साली इटलीतील फ्लॉरेन्स नगरीतून कोझिमो मेदिची या सावकाराला हद्दपार करण्यात आले. आल्बित्सी घराण्याच्या पुढाकाराने जुन्या मातब्बर घराण्यांनी हे घडवून आणले. परंतु वर्षभरातच कोझिमो परतला, विरोधकांवर हद्दपारीची पाळी आली आणि नगराची सूत्रे साठ वर्षे मेदिचींच्या हाती राहिली. हे पैशाच्या बळावर घडले म्हणावे, तर १४२७ च्या करनोंदींप्रमाणे नगरातला सर्वांत श्रीमंत माणूस होता पाल्ला स्त्रोत्सी, आणि तो तर हरणाऱ्या पक्षात होता.

इतिहासकार डेल केंट यांनी या घराण्यांच्या नातेसंबंधांची माहिती जुन्या कागदपत्रांतून गोळा केली. पुढे १९९३ साली जॉन पॅजेट आणि ख्रिस्तोफर अ‍ॅन्सेल यांनी तिचा आधार घेऊन घराण्यांची जाळी मांडली. त्या माहितीतून निवडलेल्या सोळा घराण्यांचे छोटे जाळे शिकवण्यासाठी फार सोयीचे आहे. कागदावर प्रत्येक घराण्यासाठी एक ठिपका काढायचा आणि दोन घराण्यांत सोयरीक असेल तर त्या ठिपक्यांना रेघेने जोडायचे. रेघा होतात वीस. एक घराणे, पुच्ची, एकाही रेघेला लागत नाही. त्याला तूर्त बाजूला ठेवू, उरतात पंधरा.

आता यांत महत्त्वाचे घराणे कोणते? सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक ठिपक्याच्या रेघा मोजणे. या मापाला डिग्री म्हणतात. मेदिचींच्या रेघा सहा, स्त्रोत्सी आणि ग्वादान्यी यांच्या प्रत्येकी चार. (मेदिचींच्या सहा व्याह्यांत आल्बित्सीही आहेत! सोयरीक आणि वैर एकत्र नांदू शकतात, हे आपल्याला नवे नाही.) मेदिची पहिले खरे, पण सहा आणि चार यांतला फरक काही राज्य मिळवून देण्याएवढा वाटत नाही.

दुसरे माप समीपतेचे, म्हणजे क्लोजनेसचे. एका घराण्यापासून उरलेल्या चौदांपर्यंत जायला कमीत कमी किती रेघा ओलांडाव्या लागतात, ते मोजून बेरीज करायची. बेरीज लहान तेवढी समीपता जास्त. मेदिचींपासून सहा घराणी एका रेघेवर, पाच दोन रेघांवर आणि तीन तीन रेघांवर आहेत. बेरीज ६ + १० + ९ = २५. स्त्रोत्सींची बेरीज ३२ येते. गंमत अशी, की दुसरा क्रमांक रिदोल्फींचा लागतो. त्यांच्या रेघा तीनच, पण त्यांतल्या दोन मेदिची आणि स्त्रोत्सी यांच्याकडे जातात, म्हणून बेरीज २८ भरते.

तिसरे माप मध्यस्थतेचे, बिट्वीननेसचे. लिंटन फ्रीमन यांनी ते १९७७ साली मांडले. इतर दोन घराण्यांना जोडणारी सर्वांत आखूड वाट आपल्या दारावरून जाते का, असे येथे विचारायचे. बार्बादोरींकडून ग्वादान्यींकडे जाणाऱ्या आखूड वाटा दोन आहेत आणि दोन्ही मेदिचींवरून जातात. मेदिचींना एक गुण. स्त्रोत्सींकडून आल्बित्सींकडे जाणाऱ्याही दोन आहेत, पण त्यांतली एकच मेदिचींवरून जाते, गुण अर्धा. मेदिचींना वगळून उरलेल्या चौदा घराण्यांच्या ९१ जोड्या होतात. त्या सर्वांचे गुण मिळवले, की मेदिचींचे भरतात साडेसत्तेचाळीस. ग्वादान्यींचे सुमारे तेवीस, स्त्रोत्सींचे जेमतेम नऊ.

आता कोडे उलगडू लागते. स्त्रोत्सींचे व्याही एकमेकांचेही व्याही होते, त्यामुळे कोणालाच स्त्रोत्सींची गरज नव्हती. मेदिचींच्या सोयऱ्यांची मात्र आपापसांत फारशी नाती नव्हती. त्यांना एकत्र आणणारा दुवा मेदिचीच. १४३४ मध्ये आल्बित्सींनी हत्यारबंद माणसे जमवायचे ठरवले, तेव्हा एकाच्या शब्दावर सगळे उठले नाहीत आणि पाल्ला स्त्रोत्सी तर ऐन वेळी कचरला.

पण केवळ आकड्यांवर भरवसा ठेवू नये. साल्व्हियातींच्या रेघा दोनच, तरी त्यांची मध्यस्थता १३, स्त्रोत्सींपेक्षा जास्त! कारण एवढेच, की पात्सींची एकमेव रेघ साल्व्हियातींना लागते, आणि पात्सींकडे जाणाऱ्या तेराही वाटा त्यांच्यावरून जातात. पात्सींची आणखी एक सोयरीक नोंदवायची राहून गेली असेल, तर हे गुण झपाट्याने घटतील. असा मोठा आकडा दिसला, की एखादी रेघ वाढवून तो टिकतो का, हे पाहावे. आम्हाला तर ही परीक्षा मूळ आकड्यापेक्षा अधिक शिकवणारी वाटते.

आणि बाजूला ठेवलेले पुच्ची? माकियाव्हेल्ली लिहितो, की मेदिचींच्या पक्षाला लोक कोझिमोच्या नव्हे, तर पुच्चो पुच्ची याच्या नावाने ओळखत. सोयरिकीच्या जाळ्यात त्याच्या घराण्याला एकही रेघ नाही.