फोटोतल्या चौकोनावरून प्रिन्सिपल स्ट्रेस कसे काढतात? मोरचे वर्तुळ आणि बाणांची दिशा

एक छोटा चौकोन, त्याच्या चारही बाजूंवर बाण आणि बाणांशेजारी आकडे. पुस्तकातून, वहीतून किंवा फळ्यावरून काढलेला असा फोटो इंजिनिअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या मोबाईलमध्ये सापडतो. खाली प्रश्न ठरलेला असतो: प्रिन्सिपल स्ट्रेस किती, शिअर स्ट्रेस जास्तीत जास्त किती आणि ते कोणत्या पातळीवर?

यातले आकडे काढणे सोपे आहे. चूक होते ती कोनात, कारण फोटोतला एक बाण उलटा वाचला तरी आकडे बरोबरच येतात. फक्त पातळी चुकीच्या दिशेला कलते आणि उत्तर पाहून ते लक्षातही येत नाही.

हा चौकोन म्हणजे नेमके काय?

एखाद्या पत्र्यावर, शाफ्टवर किंवा टाकीच्या भिंतीवर जोर आला, की आतल्या प्रत्येक बिंदूवर तो जोर क्षेत्रफळावर वाटला जातो. त्यालाच स्ट्रेस म्हणतात. मराठी पुस्तकांत त्याला प्रतिबल असा शब्द आहे. तो मेगापास्कलमध्ये मोजतात. १ मेगापास्कल म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरवर १ न्यूटन.

चौकोन म्हणजे त्या बिंदूभोवती कल्पनेने कापलेला बारीक तुकडा. बाजूला काटकोनात असलेला बाण ओढ किंवा दाब दाखवतो. बाण बाहेर जात असेल तर ओढ, आत येत असेल तर दाब. बाजूला लागून जाणारा बाण शिअर स्ट्रेस दाखवतो, म्हणजे एक थर दुसऱ्या थरावरून सरकवू पाहणारा जोर.

तोच बिंदू ठेवून चौकोन थोडा फिरवून कापला तर आकडे बदलतात. एका ठराविक कोनात शिअर शून्य होतो आणि उरतो तो फक्त ओढ किंवा दाब. ते दोन आकडे म्हणजे प्रिन्सिपल स्ट्रेस. त्या बिंदूवर त्या पातळीतली सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान किंमत हीच.

आधी फोटो नीट वाचायचा

उदाहरणासाठी एक चौकोन घेऊ. उजव्या आणि डाव्या बाजूवर ७० मेगापास्कल ओढ आहे. वरच्या आणि खालच्या बाजूवर १० मेगापास्कल दाब आहे. शिअर ३० मेगापास्कल असून उजव्या बाजूवरचा बाण वर जातो, वरच्या बाजूवरचा उजवीकडे, डाव्या बाजूवरचा खाली आणि खालच्या बाजूवरचा डावीकडे.

ओढ धन आणि दाब ऋण धरतात, म्हणून आडवा स्ट्रेस ७० आणि उभा स्ट्रेस उणे १०.

शिअरचे बाण तपासायला एक सोपी खूण आहे. चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत बाणांची टोके एकमेकांना भिडली पाहिजेत आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांतून बाण सुटले पाहिजेत. इथे टोके वरच्या उजव्या आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात भिडतात. तसे होत नसेल तर चौकोन एकाच दिशेने गरगर फिरू लागेल, म्हणजे चित्र तरी चुकले आहे किंवा वाचणारा तरी. फोटोत एखादा बाण पुसट असेल तर याच नियमाने तो भरून काढता येतो.

फोटो आडवा झाला असेल तर बिघडत नाही, कारण बाण चौकोनासोबतच फिरतात. फक्त कोन चौकोनाच्या कोणत्या बाजूपासून मोजला हे लिहायचे. पण सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला फोटो आरशासारखा उलटा असेल तर शिअरची दिशाच पालटते. अक्षरे उलटी दिसत असतील तर फोटो आधी सरळ करून घ्यावा.

वर्तुळ कसे काढायचे?

ही रचना जर्मन अभियंते ओटो मोर यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १८८२ मध्ये मांडली. आडव्या अक्षावर ओढ-दाब आणि उभ्या अक्षावर शिअर घ्यायचा. दोन्ही अक्षांचे माप एकच हवे, नाहीतर वर्तुळ अंडाकृती होते आणि कोन मोजता येत नाहीत.

शिअरसाठी एक नियम पाळायचा. जो बाण चौकोनाला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवू पाहतो तो अक्षाच्या वर मांडायचा, उलट फिरवणारा खाली. काही पुस्तके याच्या उलट मांडतात. एकच पद्धत धरून ठेवली की गोंधळ होत नाही. या पद्धतीचा फायदा असा, की वर्तुळावर ज्या दिशेने फिरू, त्याच दिशेने चौकोनही फिरतो.

उजव्या बाजूवरचा बाण वर जातो, म्हणजे चौकोनाला काट्यांच्या उलट फिरवतो. म्हणून त्या बाजूचा बिंदू (७०, −३०). वरच्या बाजूवरचा बाण काट्यांप्रमाणे फिरवतो, म्हणून तिचा बिंदू (−१०, ३०). हे दोन बिंदू जोडले की वर्तुळाचा व्यास मिळतो. तो आडव्या अक्षाला जिथे छेदतो तिथे केंद्र.

केंद्र = (७० − १०) ÷ २ = ३०

उजव्या बाजूचा बिंदू केंद्रापासून आडवा ४० आणि उभा ३० अंतरावर आहे. म्हणून,

त्रिज्या = √(४०² + ३०²) = ५०

आता वर्तुळ आडव्या अक्षाला जिथे छेदते ते दोन बिंदू वाचायचे. उजवीकडे ३० + ५० = ८०, डावीकडे ३० − ५० = −२०. म्हणजे मोठा प्रिन्सिपल स्ट्रेस ८० मेगापास्कल ओढ आणि लहान २० मेगापास्कल दाब. वर्तुळाचा सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा बिंदू जास्तीत जास्त शिअर देतो. तो त्रिज्येइतकाच, म्हणजे ५० मेगापास्कल. त्या पातळीवर ओढही शिल्लक असते, केंद्राइतकी, म्हणजे ३०.

कोन निम्मा का होतो?

चौकोनाची उजवी आणि वरची बाजू एकमेकींना ९० अंशांत असतात. वर्तुळावर मात्र त्यांचे बिंदू व्यासाच्या दोन टोकांना, १८० अंशांवर येतात. म्हणून वर्तुळावरचा कोन नेहमी चौकोनातल्या कोनाच्या दुप्पट असतो.

उजव्या बाजूच्या बिंदूपासून ८० च्या बिंदूपर्यंत जायला काट्यांच्या उलट ३६.८७ अंश फिरावे लागते, कारण त्या कोनाचा टॅन्जंट ३० ÷ ४० आहे. चौकोन त्याच दिशेने निम्मा, म्हणजे १८.४३ अंश फिरवायचा. फिरवलेल्या चौकोनाच्या उजव्या बाजूवर ८० ची ओढ असते, वरच्या बाजूवर २० चा दाब असतो आणि शिअर कुठेच नसतो.

इथे शब्दांची एक गफलत होते. १८.४३ अंश ही ओढीची दिशा आडव्या रेषेपासून आहे. ती ओढ ज्या पातळीवर काम करते ती पातळी या दिशेला काटकोनात असते. म्हणजे ती उभ्या रेषेपासून १८.४३ अंश कललेली आणि वरचे टोक डावीकडे झुकलेली असते. तडा जायचा असेल तर तो या पातळीने जातो.

जास्तीत जास्त शिअरची पातळी यापासून ४५ अंशांवर असते. १८.४३ मधून ४५ वजा केले की −२६.५७, म्हणजे मूळ चौकोन काट्यांच्या दिशेने २६.५७ अंश फिरवायचा. दुसरी पातळी तिच्याशी काटकोनात.

उत्तर बरोबर आहे हे कसे ओळखायचे?

आकड्यांसाठी दोन तपासण्या आहेत. बेरीज आधी ७० − १० = ६० होती, नंतरही ८० − २० = ६०. गुणाकारातून शिअरचा वर्ग वजा केला की ७० × (−१०) − ३० × ३० = −१६००, आणि ८० × (−२०) देखील −१६००. बेरजेने केंद्र तपासले जाते, गुणाकाराने त्रिज्याही.

पण शिअरचा बाण उलटा वाचला तरी या दोन्ही तपासण्या पास होतात, कारण ३० चा वर्ग आणि उणे ३० चा वर्ग सारखाच. वर्तुळ तेच राहते, कोन मात्र १८.४३ ऐवजी −१८.४३ येतो. दोन उत्तरांत जवळपास ३७ अंशांचा फरक पडतो.

ही चूक नजरेने पकडता येते. बाणांची टोके ज्या दोन कोपऱ्यांत भिडतात ते कोपरे जोडणारा कर्ण पाहायचा. मोठ्या प्रिन्सिपल स्ट्रेसची दिशा नेहमी या कर्णाच्या आणि मूळ चौकोनातल्या जास्त ओढीच्या दिशेच्या मध्ये पडते. इथे कर्ण ४५ अंशांवर आणि जास्त ओढ आडवी, म्हणून उत्तर काट्यांच्या उलट दिशेने ० ते ४५ अंशांमध्येच हवे. १८.४३ बसते, −१८.४३ बसत नाही.

याचा अर्थ हातात धरून पाहायचा तर खडू पिळून पाहावा. पिळताना पृष्ठभागावर फक्त शिअर असतो, म्हणून वर्तुळाचे केंद्र शून्यावर येते आणि ओढीची दिशा अक्षाला ४५ अंशांवर. खडू ओढीला कमजोर असल्याने तो ४५ अंशांच्या तिरक्या, मळसूत्री रेषेत तुटतो. पीळ उलट दिला की मळसूत्राची दिशाही उलटते. चुकलेला बाण म्हणजे नेमकी ही उलटी दिशा. मऊ पोलादाची सळई मात्र शिअरला आधी हार मानते आणि पिळल्यावर अक्षाला काटकोनात, जवळपास सपाट तुटते.

फोटोत न दिसणारी तिसरी बाजू

फोटोत चौकोन सपाट दिसतो, पण तुकडा खरा तर घनाकृती असतो. मोकळ्या पृष्ठभागावर तिसऱ्या दिशेचा प्रिन्सिपल स्ट्रेस शून्य असतो. तोही मोजणीत घ्यावा लागतो. वरच्या उदाहरणात तीन किमती ८०, ० आणि −२० होतात. सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान यांच्या फरकाचा निम्मा ५०, म्हणजे उत्तर बदलत नाही.

दोन्ही प्रिन्सिपल स्ट्रेस ओढीचे असतील तर मात्र बदलते. आतून दाब असलेल्या पातळ भिंतीच्या दंडगोल टाकीत घेराच्या दिशेची ओढ लांबीच्या दिशेच्या दुप्पट असते. समजा त्या ८० आणि ४० आहेत. फोटोतल्या चौकोनाचे वर्तुळ २० शिअर देईल. पण बाहेरच्या पृष्ठभागावर तिसरी किंमत शून्य धरली की खरा जास्तीत जास्त शिअर (८० − ०) ÷ २ = ४० येतो, म्हणजे दुप्पट. त्याची पातळी कागदात नसून भिंतीच्या जाडीतून तिरकी जाते. पोलादी टाकीची सुरक्षितता शिअरवरून ठरवताना २० धरले तर हिशेब निम्म्यावर फसतो.

म्हणून दोन्ही उत्तरे एकाच चिन्हाची आली, की तिथेच थांबून शून्यापासूनचे मोठे वर्तुळही काढायचे.