गावठाणातली भिंत आणि सिमेंटचा गिलावा

पिंपळे सौदागरला आज लोक उंच इमारतींमुळे ओळखतात. अशा गावांच्या जुन्या गावठाणात मात्र काळ्या दगडाची, मातीत बांधलेली घरे असत. भिंत दीड-दोन फूट जाड, आत-बाहेर दगड आणि मध्ये माती व चिपा. जमिनीतली ओल अशा भिंतीत चढते, पण मातीच्या नाहीतर चुन्याच्या गिलाव्यातून वाळूनही जाते. भिंत टिकते ती या येण्याजाण्यामुळे.

१९८२ साली सिमेंटवरचे सरकारी नियंत्रण सैल झाले, १९८९ मध्ये ते पूर्ण उठले. पिंपरी-चिंचवडची महानगरपालिकाही १९८२ चीच. शहर वाढले, सिमेंट सहज मिळू लागले आणि मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढला. त्यामागे अडकलेली ओल आणखी वर चढते, लोणा लागतो, पोपडे सुटतात. ठोकून पाहिले तर पोकळ आवाज येतो. आतली माती भिजून सुटली की भिंतीला फुगवटा येतो. उकाड्यावर उपाय म्हणून थर्माकोल आणि त्यावर प्लास्टिक पेंट लावला, तर हीच चूक दुप्पट होते.

मग उकाड्याचे काय? वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले संशोधकांना आढळले आहेत. वेरूळचा दगडही आपल्यासारखाच काळा बेसाल्ट. मातीत काड मिसळले की गिलावा तडकत नाही. काड भरपूर घातले तर त्यातल्या हवेमुळे उष्णता अडते, आणि ओल मात्र आरपार जाते. आपल्याकडे मावळात भाताचा पेंढा आहेच.

पश्चिमेची भिंत घ्या. दुपारी तापलेला दगड रात्री खोलीत उष्णता सोडतो. आधी बाहेर पाहा. रस्ता वारंवार उंच केल्याने जोते गाडले गेले असेल, तर भिंतीलगतची माती उतरवून पाण्याला वाट द्या. मग सिमेंटचा गिलावा काढा आणि दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत भिंत उघडी वाळू द्या. फूटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले, तर आत ओल आहे, थांबा.

वाळल्यावर सांधे चुन्याने भरा, एक भाग चुन्याला तीन भाग वाळू. पेंढा बोटभर लांबीचा कापून मातीत आठ-दहा दिवस कुजवा आणि आतल्या बाजूने अर्ध्या-अर्ध्या इंचाचे थर द्या. प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा, एकूण दोन इंच. खालचा फूटभर भाग मोकळा ठेवा. शेवटी चुन्याची सफेदी, रंग नको.

हे फक्त तापणाऱ्या भिंतीला करा. सावलीतल्या भिंतींचा थंडावा खोलीला हवा असतो, तो झाकून चालणार नाही. आणि डोक्यावर उघडा पत्रा असेल तर आधी त्याखाली छत घाला. पत्रा तापत असताना भिंतीवरचा खर्च जाणवणारही नाही.