चामड्यापासून ब्लाउजच्या गळ्यापर्यंत: आरीची कुळकथा

आज नऊवारीवर किंवा पैठणीवर घालायच्या ब्लाउजच्या गळ्याभोवती जे भरतकाम ‘आरी वर्क’ या नावाने करून घेतले जाते, त्याचे मूळ हत्यार चर्मकाराच्या पेटीतले आहे. आरी म्हणजे लाकडी मुठीत बसवलेली, टोकाजवळ लहानसा आकडा असलेली बारीक सळई. जोडा शिवताना कारागीर ती चामड्याच्या आरपार घुसवतो, पलीकडचा दोरा आकड्यात अडकवतो आणि त्याच छिद्रातून अलीकडे ओढून घेतो. गुजरातेत चामड्यावरचे नक्षीकाम फार जुने असून, तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने तेथील तांबड्या आणि निळ्या चामड्याच्या चटयांवर सोन्याचांदीच्या तारांनी काढलेल्या पशुपक्ष्यांचे वर्णन केले आहे. हेच कसब पुढे कच्छमधील मोची कारागिरांनी सुती आणि रेशमी कापडावर आणले व त्यातून ‘मोची भरत’ ही शैली घडली. भूजच्या दरबारासाठी या कारागिरांनी सॅटिनवर काढलेल्या घागरा-चोळ्यांत आणि तोरणांत फुलांचे वेल, मोर आणि पोपट आढळतात, तर सतराव्या शतकात गुजरातेतील साखळी टाक्याचे पडदे आणि पलंगपोस ईस्ट इंडिया कंपनीमार्फत इंग्लंडला जात होते.

या स्थलांतरात हत्यार फारसे बदलले नाही. बदलला तो त्याखालचा आधार, आणि आजच्या कारागिराला गळ्याची आखणी करताना जी पथ्ये पाळावी लागतात त्यांतली बहुतेक या एका बदलातून आलेली आहेत. चामडे स्वतःच ताठ असते, त्यामुळे आरी घुसताना ते खाली दबत नाही आणि दोरा वर येताना त्याच्याबरोबर वर उचललेही जात नाही. कापडाला मात्र स्वतःचा ताठपणा नसल्यामुळे तो बाहेरून द्यावा लागतो, आणि त्यासाठीच कापड चारही बाजूंनी ताणून धरणारी चौकट, म्हणजे कारागिरांच्या बोलीतला अड्डा, आरीचा अविभाज्य सोबती ठरला. अठराव्या शतकाच्या मध्यास हे तंत्र युरोपात लोकप्रिय झाले तेव्हा तेथेही कापड गोल चौकटीवर ताणले जात असे, आणि त्या चौकटीवरूनच फ्रेंचांनी या कामाला ढोल या अर्थाचे ‘तांबूर’ हे नाव दिले. सेंट-ऑबिन या राजदरबारच्या नक्षीकाराने 1770 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भरतकामावरील ग्रंथात त्याचा समावेश केला आहे. बार्थेलेमी थिमोनिए याने 1830 मध्ये पेटंट घेतलेले शिलाईयंत्रही आकड्याच्या सुईने साखळी टाकाच घालत होते, ही गोष्ट शिवणकामाच्या इतिहासात जितक्या ठळकपणे नोंदली जायला हवी तितकी नोंदली जात नाही.

टाका कसा पडतो हे समजल्याशिवाय ताणाचे महत्त्व उमगत नाही. आरी उजव्या हातात कापडाच्या वर असते आणि दोरा डाव्या हातात कापडाच्या खाली असतो. आरी खाली उतरली की डावा हात तिच्या आकड्यावर दोरा टाकतो. मग मूठ अर्धी फिरवून, आकड्याची पाठ छिद्राच्या कडेला किंचित टेकवत सुई वर ओढली जाते, म्हणजे आकडा कापडाच्या धाग्यांत अडकत नाही. वर आलेला फास सुईवरच राहतो, सुई त्या फासातून पुढच्या जागी खाली उतरते आणि नवा फास वर येताच आधीचा फास साखळीची एक कडी होऊन जागच्या जागी बसतो. कापड सैल असेल तर सुई आत जाण्याऐवजी कापडच खाली दबते, छिद्र ठरल्या जागी न पडता पुढेमागे पडते, आणि परत येताना आकडा कापडाचा एखादा तंतू वर खेचून आणतो. म्हणून टाका लहानमोठा पडू लागला की दोष हाताचा आहे असे मानण्याआधी चौकटीवर बोटाने थाप मारून पाहावी, कारण ताण पुरेसा असेल तर घुमणारा आवाज येतो आणि बोट उचलताच कापड लगेच सपाट होते.

कापड चौकटीवर चढवण्याची रीत ठरलेली आहे. चौकटीच्या दोन लांब दांड्यांवर मांजरपाटाची पट्टी घट्ट बसवलेली असते. कापडाच्या समोरासमोरच्या दोन कडा या पट्ट्यांना मध्यापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंकडे शिवत नेतात, कारण एका टोकाकडून शिवत गेल्यास कापड सरकत जाते आणि शेवटी तिरके बसते. त्यानंतर दांड्या दूर सारून आणि बाजूच्या पट्ट्यांच्या छिद्रांत खिळे घालून पहिला ताण दिला जातो, तर उरलेल्या दोन कडा दोऱ्याने बाजूच्या पट्ट्यांना ओवून दुसरा. आडवा धागा उभ्यापेक्षा सहसा जास्त ताणला जातो, त्यामुळे दुसरा ताण जरा हात राखून द्यावा लागतो. कापड सरळ ताणले गेले की नाही हे पाहण्यासाठी चढवण्याआधी त्यावर खडूने एक मोठा आयत आखून ठेवतात आणि चढवल्यावर त्याचे दोन्ही कर्ण मोजतात. ते सारखे नसतील तर कापड तिरके ओढले गेले आहे. अशा कापडावर काढलेला गोल गळा चौकटीवर निर्दोष दिसतो आणि उतरवल्यावर एका खांद्याकडे कलतो, आणि तोवर भरत पूर्ण झालेले असल्याने दुरुस्तीला जागा उरत नाही.

येथेच ब्लाउजच्या भरतकामाचा मुख्य नियम येतो: कापड आधी भरायचे आणि मग बेतायचे. गळा आधी कापला तर वक्र कड तिरक्या धाग्यावर येते आणि ताण देताच फाकते. शिवाय दाट भरत कापडाला आत ओढत असल्याने आधी कापलेला गळा भरल्यानंतर लहान होतो. म्हणून पाठ आणि पुढचे भाग यांच्या बाह्यरेषा, गळ्याची शिलाईरेषा, खांद्याची रेषा, पुढची हुकपट्टी आणि टक्स हे सारे न कापलेल्या कापडावर आखून घेतात, आणि नक्षी टोचलेल्या कागदावरून, म्हणजे खाक्यावरून, पूड घासून उतरवतात. मोती किंवा टिकल्यांची पहिली ओळ शिलाईरेषेपासून निदान पाव इंच दूर ठेवावी लागते, नाहीतर पायपिन शिवताना यंत्राचा दाबपट्टा मण्यांवर चढतो आणि शिलाई वाकडी जाते.

नक्षीची वाटणी कशी करतात हे एका उदाहरणाने पाहणे इष्ट आहे. पाठीचा गळा 8 इंच खोल, 6 इंच रुंद आणि तळाशी अर्धगोल आहे असे धरले, तर दोन्ही बाजूंच्या सरळ रेषा 5-5 इंचांच्या आणि तळाचा अर्धगोल 3 इंच त्रिज्येचा होतो. शिलाईरेषेची एकूण लांबी सुमारे साडेएकोणीस इंच भरते. बुट्ट्यांची ओळ या रेषेपासून अर्धा इंच बाहेर ठेवली तर तिची लांबी जवळजवळ 21 इंच होते, म्हणजे मध्यापासून प्रत्येक खांद्यापर्यंत साडेदहा इंच. दीड इंचाच्या अंतराने बुट्टे ठेवले तर मधल्या बुट्ट्यानंतरचा सातवा बुट्टा नेमका खांद्याच्या शिलाईवर येतो आणि अर्धा मायेत, म्हणजे शिलाईसाठी राखलेल्या कापडात, दडतो. अंतर 1.4 इंच केले तर सातवा बुट्टा खांद्याच्या रेषेच्या 0.7 इंच अलीकडे थांबतो आणि पुढच्या भागावरचा पहिला बुट्टा रेषेच्या 0.7 इंच पलीकडे सुरू होतो, त्यामुळे खांदा जोडल्यावर तेथेही 1.4 इंचांचेच अंतर राहते. मध्याचा एक आणि दोन्हीकडचे सात-सात असे पाठीवर पंधरा बुट्टे येतात. पुढच्या गळ्याची आखणीही अशीच खांद्यापासून सुरू करून हुकपट्टीकडे नेतात, मात्र तेथे जी पट्टी दुसरीखाली जाते तिच्यावर भरत घेत नाहीत आणि वरच्या पट्टीची कड हीच मध्यरेषा मानतात, नाहीतर हुक लावल्यावर दोन बाजूंच्या बुट्ट्यांमधले अंतर कमी होते.

टाक्यांची समानता याच मोजणीचा पुढचा भाग आहे. साखळीची एक कडी 2 मिलिमीटरची धरली तर एका सेंटिमीटरला पाच टाके येतात. शिकाऊ हाताला रेषेवर सेंटिमीटरच्या खुणा करून दोन खुणांमध्ये पाच टाके बसवण्याची सवय लावली की काही दिवसांत डोळाच माप घेऊ लागतो. या गळ्यात शिलाईरेषेजवळच्या एका ओळीला सुमारे 245 टाके लागतात आणि अर्धा इंच बाहेरच्या ओळीला सुमारे 265. दोन्ही ओळींत टाक्यांची संख्या सारखीच ठेवण्याचा हट्ट धरला तर बाहेरची कडी ताणलेली दिसते. मोठ्या वळणावर 2 मिलिमीटरचा टाका सहज वळतो, परंतु पाकळीच्या टोकासारख्या आखूड वळणावर तोच टाका कोनदार दिसतो, म्हणून तेथे तो दीड मिलिमीटरपर्यंत कमी करतात.

लांबी सारखी असूनही ओळ ओबडधोबड दिसत असेल तर कारण दोऱ्याच्या ताणात असते. डाव्या हाताने दोरा सैल सोडला की कडी रुंद होते आणि घट्ट धरला की ती दोरीसारखी आवळून कापडाला सुरकुती पाडते. सुई गरजेपेक्षा उंच उचलल्यानेही खालचा जास्त दोरा वर येतो. पारख करण्याची खात्रीची जागा म्हणजे कापडाची मागची बाजू, कारण वर साखळी असली तरी खाली साध्या टाक्यांची एकेरी रेष पडते आणि तिच्यातले लहानमोठेपण झाकणारे काही नसते. काम चालू असताना कापड हळूहळू सैलावते, त्यामुळे सकाळी बसवलेला ताण दुपारी पुन्हा तपासून बाजूचे दोरे ओढून घ्यावे लागतात. तसे न केल्यास एकाच ओळीत सुरुवातीचे टाके नेमके आणि नंतरचे लांबट दिसतात. ओळीच्या शेवटी शेवटच्या फासावर एक अगदी लहान टाका घेऊन तो अडकवावा लागतो, कारण साखळी टाक्याचा शेवटचा फास मोकळा राहिला तर दोरा ओढताच सारी ओळ उसवत मागे जाते.

भरत पूर्ण झाल्यावर कापड एकदम न उतरवता आधी बाजूचे ताण आणि मग दांड्यांचे ताण सैल करतात, आणि ते रात्रभर सपाट ठेवून गळ्याची खोली व रुंदी पुन्हा मोजतात. भरताने कापड आत ओढले असेल तर 8 इंचांची खोली थोडी कमी भरते. अशा वेळी नक्षीला हात न लावता शिलाईरेषा नव्याने आखून, तिच्या आत मायेची रेषा घेऊन मगच गळा कापतात.